गोठवलेले खाते आणि दोन प्रश्न : एका प्रकरणाचा अभ्यास

बँकेत व्यवहार-तपासणीच्या कक्षात मी काही वर्षे काम केले आहे. त्या काळात संशयावरून थांबवलेली अनेक खाती डोळ्यांखालून गेली. पुढे दिलेले प्रकरण मात्र मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे खातेदाराच्या शेजारी बसून पाहिले. खातेदार माझ्या परिचयाच्या असल्याने त्यांचे आणि बँकेचे नाव दिलेले नाही, आणि रकमाही चलनात न सांगता त्यांच्या मासिक पगाराच्या प्रमाणात सांगितल्या आहेत. तसे करण्यात मजकुराचे काही नुकसान होत नाही, कारण बँकेची यंत्रणाही रक्कम मोठी की लहान हे मुख्यतः त्या खात्याच्या नेहमीच्या उलाढालीशी ताडूनच ठरवते.

खाते सहा वर्षांचे होते. महिन्याच्या सुरुवातीला पगार जमा होई, त्यातून घरभाडे, बिले आणि कार्डावरची खरेदी जाई, आणि शिल्लक साधारण एका पगाराइतकी राही. पगाराखेरीज बाहेरून पैसे येत ते क्वचित, तेही बहिणीकडून. अशा खात्याचे वळण यंत्रणेला पाठ झालेले असते.

या बाई पक्षिनिरीक्षकांच्या एका गटात आहेत. गटाने परदेशात अभ्याससहल ठरवली आणि चोवीस जणांची वर्गणी एकत्र करून सहल-आयोजक कंपनीला शुक्रवारपर्यंत पाठवण्याचे काम यांनी अंगावर घेतले. प्रत्येकाचा हिस्सा त्यांच्या पगाराच्या चौथ्या भागाहून थोडा जास्त होता. सोमवारी सकाळी त्यांनी नवा फोन घेतला, त्यावर बँकेचे ॲप पुन्हा बसवले आणि पासवर्ड आठवत नसल्याने तो बदलला. सोमवार संध्याकाळ ते बुधवार दुपार या वेळात तेवीस जणांकडून तेवीस समान रकमा जमा झाल्या. त्यांची बेरीज पगाराच्या जवळजवळ साडेसहा पट होती. पैसे पाठवताना कोणी ‘ट्रिप’ लिहिले, कोणी ‘उसने परत’ असे गमतीने लिहिले, तर बहुतेकांनी रकाना रिकामाच ठेवला. बुधवारी दुपारी बाईंनी आयोजकाचे खाते नवा लाभार्थी म्हणून जोडले आणि पंचवीस मिनिटांनी, दिवसाची मर्यादा संपेपर्यंत, चौदा हिस्से पाठवले. उरलेले दहा हिस्से पाठवायचे म्हणून त्या मध्यरात्र उलटण्याची वाट पाहत बसल्या आणि मर्यादा नव्याने सुरू होताच, बारा वाजून पाच मिनिटांनी, दुसरा व्यवहार केला. तो अडला. दोन मिनिटांनी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. तो फसवणुकीचा असेल असे समजून त्यांनी उचलला नाही, आणि सकाळी दुकानात कार्ड चालेना.

फोन न उचलणे चुकीचे नव्हते. खाते बंद पडल्याची भीती घालून सांकेतिक क्रमांक काढून घेणारे भामटे याच वेळी फोन करतात. फक्त त्यानंतर लगेच, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतःहून फोन करायला हवा होता, तो त्यांनी सकाळपर्यंत केला नाही.

आता हेच तीन दिवस बँकेच्या पडद्यावरून कसे दिसतात ते पाहू. पक्षी, सहल, गट यांतले काहीच तिथे दिसत नाही. दिसते ते एवढेच की शांत खात्यावर नवे उपकरण आले, पासवर्ड बदलला, एकमेकांशी संबंध नसलेल्या तेवीस लोकांचे पैसे दोन दिवसांत आले आणि ते साठण्याआधीच, आजवर कधी पैसे न गेलेल्या परदेशी खात्याकडे, मर्यादेच्या टोकापर्यंत जाऊ लागले. यातली कोणतीही एक गोष्ट खाते थांबवायला पुरली नसती. लोक रोज नवे फोन घेतात, आणि मोठी रक्कमही कधीतरी येतेच. यंत्रणा प्रत्येक खुणेला काही गुण देते आणि गुणांची बेरीज ठरावीक रेषेपलीकडे गेली की व्यवहार रोखते. माझ्या मते या प्रकरणात पारडे झुकवले ते मध्यरात्रीच्या त्या पाच मिनिटांनी. मर्यादा संपेपर्यंत पाठवायचे आणि ती पुन्हा उघडताच उरलेले पाठवायचे ही घाई प्रामाणिक माणसाला मुदतीमुळे असते, तर चोराला पकडले जाण्याच्या भीतीमुळे. आकड्यांत मात्र दोन्ही घाई सारख्याच दिसतात.

अशा चित्राचे दोन वाईट अर्थ निघतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. पहिला अर्थ असा, की खाते दुसऱ्याच कोणाच्या हातात गेले आहे, फोन चोराचा आहे आणि खातेदार हा बळी आहे. दुसरा असा, की खाते खातेदाराच्याच हातात आहे, पण फसवून गोळा केलेला पैसा पुढे सरकवण्यासाठी ते वापरले जात आहे, ज्याला बँकेत म्यूल खाते म्हणतात. म्हणून बँकेला दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. खाते कोण चालवत आहे? आणि हा पैसा कोणाचा, कशासाठी आला व कुठे चालला आहे? खाते सोडवण्याची सगळी धडपड या दोन प्रश्नांभोवती फिरते. पहिल्याचे उत्तर दिले म्हणजे दुसऱ्याचेही दिले, असे बहुतेक खातेदारांना वाटते, आणि तिथेच दिवस वाया जातात.

आमच्या बाईंचे तसेच झाले. गुरुवारी त्या ओळखपत्र आणि नवा फोन घेऊन शाखेत गेल्या. अधिकाऱ्याने ओळख तपासली, उपकरण त्यांचेच असल्याची नोंद केली आणि ‘झाले तुमचे काम’ असे सांगितले. त्या आनंदाने घरी आल्या, तरी कार्ड बंद ते बंदच. अधिकारी खोटे बोलला नव्हता. त्याच्या समोर असलेला प्रश्न, म्हणजे पहिला, खरोखरच सुटला होता. दुसरा प्रश्न मध्यवर्ती तपासणी कक्षाकडे होता आणि शाखेच्या पडद्यावर त्याचे कारण दिसतच नव्हते.

या मौनामुळे लोक फार संतापतात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. 1989 मध्ये पॅरिस येथे झालेल्या जी-7 परिषदेत एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय कृती गटाची स्थापना झाली. काळा पैसा रोखण्यासाठी त्याने घालून दिलेल्या शिफारशी बहुतेक देशांच्या कायद्यांत उतरल्या आहेत. त्यांतली विसावी शिफारस सांगते की, पैसा गुन्ह्यातून आल्याचा संशय असल्यास बँकेने सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला तसा अहवाल दिला पाहिजे. एकविसावी सांगते की, असा अहवाल दिल्याचे बँकेच्या कोणीही संबंधित व्यक्तीला कळू देता कामा नये. त्यामुळे ‘माझ्यावर संशय का?’ या प्रश्नाला शाखेतून सरळ उत्तर मिळत नाही. अहवाल गेला असेल तर ते सांगता येत नाही, आणि गेला नसेल तरी ‘नाही गेला’ असे सांगण्याची सोय नसते, कारण मग इतरांच्या बाबतीतले मौन हाच होकार ठरेल. मौन म्हणजे आरोप नव्हे.

विचारण्यासारखे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे बहुधा मिळतात. खात्यातून फक्त पैसे जाणे थांबले आहे, की येणेही? संपूर्ण शिल्लक अडकली आहे, की ठरावीक रक्कम राखून ठेवली आहे? हा निर्णय बँकेचा स्वतःचा आहे, की न्यायालय किंवा तपास यंत्रणेच्या आदेशावरून आहे? प्रकरणाचा संदर्भ क्रमांक काय, आणि कागदपत्रे कोणत्या मार्गाने पाठवायची? यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण आदेश बाहेरचा असेल तर बँकेकडे कितीही कागद दिले तरी ती खाते सोडू शकत नाही. तिथे आदेश देणाऱ्या यंत्रणेकडेच, शक्यतो वकिलामार्फत, जावे लागते. आमच्या प्रकरणात उत्तर आले की निर्णय बँकेचाच आहे आणि पैसे जाणे थांबले आहे, पण येऊ शकतात.

‘येऊ शकतात’ हे ऐकायला बरे वाटते, पण त्याचा अर्थ पुढचा पगारही त्याच खात्यात अडकणार असा होतो. बाईंनी पगार बहिणीबरोबरच्या जुन्या संयुक्त खात्यात वळवला आणि तसे केल्याचे तपासणी कक्षाला पत्राने कळवले. हे कळवणे आवश्यक होते. तपासणी चालू असताना गुपचूप दुसरीकडे पैसे वळवायला लागणे हीदेखील एक खूणच असते. भाड्याचा आपोआप जाणारा हप्ता चुकणार होता, म्हणून त्यांनी घरमालकाला आधीच सांगून ठेवले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कागदपत्रांचा पहिला गठ्ठा पाठवला. त्यात ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मागच्या सहलीतली छायाचित्रे आणि दोन पानांचे कळकळीचे पत्र होते. पत्र मी नंतर वाचले. सहा वर्षांची निष्ठा, झालेला अपमान, गटासमोर खाली घालावी लागलेली मान, सगळे त्यात होते आणि सगळे खरे होते. पण तेवीस लोकांनी पैसे का दिले याचा एकही पुरावा त्यात नव्हता. ओळखपत्राने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यांदा दिले होते आणि दुसरा प्रश्न होता तिथेच होता.

चौथ्या दिवशी प्रकरणाला वळण लागले. एका सदस्याने आपली वर्गणी वडिलांच्या खात्यातून भरली होती. वडिलांनी मुलाला फोन वापरू दिला होता, पण खातेउताऱ्यावर अनोळखी बाईचे नाव पाहून ते घाबरले आणि हा व्यवहार आपण केलेला नाही, अशी तक्रार त्यांनी आपल्या बँकेकडे नोंदवली. त्या बँकेने आमच्या बाईंच्या बँकेकडे रक्कम परत मागितली. तोपर्यंत बँकेजवळ फक्त संशयास्पद दिसणारे चित्र होते. आता त्या चित्राला दुजोरा देणारी, फसवणूक झाल्याचे सांगणारी एक खरी तक्रार आली.

हे कळताच त्या सदस्याने सुचवले की बाईंनी त्याचा हिस्सा रोख परत द्यावा, म्हणजे मिटले. बाई तयारही झाल्या होत्या, आणि याच टप्प्यावर त्यांनी मला फोन केला हे बरे झाले. बँकांमध्ये परतीची मागणी चालू असताना बाहेरून पैसे परत केले, तर त्या मागणीला ते कळत नाही. पुढे बँक तीच रक्कम खात्यातून काढून पाठवणाऱ्या बँकेला देऊ शकते, आणि पैसे दोनदा जातात. शिवाय वडिलांचे पैसे मुलाच्या हाती रोखीने देणे म्हणजे ते भलत्यालाच देणे. ही तर भामट्यांचीही ठरलेली चाल आहे: चोरीचे पैसे कोणाच्या तरी खात्यात ‘चुकून’ टाकायचे आणि ते दुसरीकडे परत मागायचे. पैसे परत जायचेच असतील, तर ते जिथून आले त्याच खात्यात आणि बँकेच्याच हातून जावेत.

म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. तो एक हिस्सा पाठवणाऱ्या बँकेला परत करायला आपली हरकत नाही, असे संमतिपत्र बाईंनी आपल्या बँकेला दिले. वडिलांनी त्यांच्या बँकेत जाऊन लेखी खुलासा केला की व्यवहार मुलाने आपल्या परवानगीने केला होता आणि तक्रार गैरसमजातून झाली. नुसत्या संमतिपत्राने रक्कम परत गेली असती, पण बाईंच्या नावापुढची फसवणुकीची नोंद तशीच राहिली असती, कारण फसवणारेही पकडले गेल्यावर पैसे परत करतात. ती नोंद पुसायला तक्रारदाराच्या बँकेकडूनच निरोप यावा लागतो. सदस्याने आपला हिस्सा आयोजकाला स्वतःच्या खात्यातून थेट भरला.

सहाव्या दिवशी बँकेचे पत्र आले, चार प्रश्नांचे. हे पैसे कोणी आणि का दिले? त्यांच्याशी आपला संबंध काय? ज्या कंपनीला पैसे पाठवले तिच्याशी व्यवहार काय? अशा प्रकारच्या रकमा पुढे येणार आहेत का? लोकांना हे पत्र दरडावणीसारखे वाटते. मला ते नेहमी चांगले चिन्ह वाटत आले आहे, कारण ज्या खात्याविषयी निर्णय पक्का झालेला असतो त्याच्याबद्दल बँक सहसा प्रश्न विचारत बसत नाही.

उत्तर तयार करायला दोन दिवस लागले. आम्ही एका पानावर तारीखवार हकिकत लिहिली, तीत विशेषणे नव्हती. सोबत तेवीस ओळींचा तक्ता जोडला: जमा झाल्याची तारीख, पाठवणाऱ्याचे उताऱ्यावर दिसते तसे नाव, तो पैसा कोणत्या सदस्याचा, आणि रक्कम. वडिलांच्या नावासमोर झालेला प्रकार जसाच्या तसा लिहिला. ज्याने गमतीने ‘उसने परत’ लिहिले होते, त्याच्या ओळीतही ते सांगितले आणि त्याच्याकडून दोन ओळींचा खुलासा घेतला. ते लपवले असते तर तपासणाऱ्याला ते उताऱ्यावर दिसलेच असते. वर्गणी मागणारा गटातला मूळ निरोप जोडला. त्याची तारीख पहिल्या जमेच्या नऊ दिवस आधीची होती आणि त्यात प्रत्येकी रक्कम लिहिलेली होती. माझ्या दृष्टीने सगळ्या गठ्ठ्यात हाच कागद सर्वांत वजनदार होता, कारण तो खाते अडण्याआधीचा होता. अडचण उभी राहिल्यावर तयार केलेल्या कागदाला तेवढी किंमत येत नाही. निरोपाचे कातरलेले चित्र न देता आधीच्या-नंतरच्या संभाषणासह पूर्ण पाने दिली, आणि खातेउतारेही बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या मूळ स्वरूपात दिले.

एक अडथळा अनपेक्षित निघाला. आयोजकाच्या बिलावर सहलींच्या जाहिरातीतले नाव होते, तर पैसे ज्या खात्यात गेले ते त्याच्या नोंदणीकृत कंपनीच्या, अगदी वेगळ्या नावाचे होते. बिलाची रक्कम चोवीस हिश्शांशी तंतोतंत जुळत होती, पण नावे न जुळल्याने साखळीची शेवटची कडी सुटत होती. आयोजकाकडून त्याच्या छापील पत्रावर, दोन्ही नावे आणि खाते क्रमांक एकत्र लिहिलेला खुलासा मागवला. तो आला नसता तर प्रकरण आणखी एक फेरी लांबले असते, याची मला खात्री आहे.

चौथ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याचा मोह बाईंना झाला. मी त्यांना थांबवले. गट दर वर्षी सहल काढतो, आणि आज ‘नाही’ लिहून पुढच्या वर्षी पुन्हा वीस-पंचवीस रकमा आल्या असत्या, तर या वेळचे खोटे उत्तर त्या वेळी नोंदीत सापडले असते. त्यांनी लिहिले की, वर्षातून एकदा, या सुमारास, अशा रकमा येण्याची शक्यता आहे.

आठव्या दिवशी हा गठ्ठा सुरक्षित मार्गाने, संदर्भ क्रमांकासह गेला. त्यानंतर चार दिवस काही घडले नाही. बाई रोज फोन करत होत्या आणि दर वेळी वेगळा माणूस वेगळे काही सांगत होता, म्हणून फोन थांबवून दहाव्या दिवशी एकच लेखी स्मरणपत्र पाठवले. तक्रार निवारण कक्षाकडे आणि त्यापुढे बँकिंग लोकपालासारख्या स्वतंत्र यंत्रणेकडे जाण्याची वाट उघडी होतीच. पण बँकेचे प्रश्न अनुत्तरित ठेवून तिथे गेले, तर बहुधा पहिला सल्ला ‘आधी उत्तरे द्या’ असाच मिळतो. उत्तरे देऊन झाल्यावर मात्र विलंब हाच तक्रारीचा भक्कम मुद्दा होतो. लोकपाल बँकेला संशयाचे कारण उघड करायला लावत नाही, बँक वाजवी रीतीने आणि वाजवी वेळेत वागली का, हे तपासतो.

बाराव्या दिवशी बँकेने खाते अंशतः उघडले. तो वादग्रस्त एक हिस्सा राखून ठेवला आणि बाकी शिल्लक मोकळी केली, पण दिवसाची मर्यादा निम्म्यावर आणली. आयोजकाने उरलेल्या जागांसाठी दोन आठवड्यांची मुदत दिली होती, तेव्हा राहिलेले नऊ हिस्से दोन दिवसांत, या वेळी दुपारी, पाठवून झाले. अठराव्या दिवशी तो एक हिस्सा वडिलांच्या खात्यात परत गेला. विसाव्या दिवशी त्यांच्या बँकेचा खुलासा पोहोचला आणि खात्यावरचे निर्बंध उठले. घटलेली मर्यादा मात्र तीन महिने तशीच राहिली.

हे प्रकरण याहून वाईट वळण घेऊ शकले असते, हेही नोंदवले पाहिजे. उत्तरे पटली नाहीत तर काही वेळा बँक खाते न उघडता, संबंध संपवण्याची सूचना देते. तिथे ‘खाते परत द्या’ यावर वाद घालण्यापेक्षा शिल्लक कोणत्या खात्यात आणि केव्हा मिळणार हे लेखी घ्यावे, आणि जुने उतारे आधी उतरवून ठेवावेत, कारण ॲप बंद झाल्यावर ते मिळवणे किचकट होते.

पुढच्या वर्षी गटाने पद्धत बदलली. आयोजकाने प्रत्येकाला स्वतंत्र बिल दिले आणि ज्याने त्याने आपली रक्कम थेट भरली. दोघांनीच बाईंमार्फत पैसे पाठवले, आणि ते येण्याआधी बाईंनी बँकेला बिलासह निरोप पाठवून ठेवला होता. अशा निरोपाने यंत्रणा गप्प बसत नाही, तिचे गुण ती मोजतेच. पण व्यवहार अडला तर तो तपासणाऱ्या माणसाला पहिल्याच पानावर कारण दिसते. त्या वर्षी व्यवहार अडला नाही.